ट्रिक्स १५ वर ठेवला तरी १५ बारचं चक्र दिसतंच आहे. माझं काही चुकतंय का?

पायवाट

वर्षभर चार्टवर ट्रिक्स वापरतोय. लांबी १५, सिग्नल लाइन ९. जिथे जिथे त्याच्याबद्दल वाचलं तिथे एक वाक्य हमखास भेटतं, की निवडलेल्या लांबीपेक्षा लहान चक्रं तो गाळून टाकतो. मला हे पटलेलं होतं. अलीकडच्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी, म्हणजे ईएमए, अशा एकावर एक तीन घेतल्यावर बारीकसारीक हालचाल उरेलच कशी, असं वाटायचं.

पण साइडवेज बाजारात मला सतत उलटे सिग्नल मिळत होते. विकलं की भाव वर, घेतलं की खाली. म्हणून या रविवारी खरा डेटा बाजूला ठेवला आणि शीटमध्ये हातानं भाव बनवला. पाया १००, त्यावर बरोबर १५ बारची साइन लाट, ४ वर आणि ४ खाली. दुसरं काही नाही. त्यावर १५ चा ट्रिक्स काढला.

माझ्या समजुतीनुसार रेषा शून्यावर सपाट पडायला हवी होती. ती छान लयीत वरखाली होते आहे, दर १५ बारला एक पूर्ण लाट. सूत्र तीनदा तपासलं. ईएमएचा गुणक ०.१२५ घेतला आहे, म्हणजे २ भागिले १६. तिसऱ्या ईएमएचा एका बारमधला टक्केवारी बदल काढला आहे. मग चूक कुठे आहे?

---

भरतीओहोटी

चूक शीटमध्येच असणार. मी दहा वर्षं हे वापरतोय. ट्रिक्सचा सगळा फायदाच तो आहे, लहान चक्रं बाहेर. तुमची लाट बरोबर १५ ची आहे, १५ पेक्षा लहान नाही, म्हणून काठावर सापडली असेल. १४ ची करून बघा, नाहीशी होईल.

आणि सुरुवातीचे बार सोडून द्या. ईएमएला स्थिरावायला वेळ लागतो. तीन पट लांबी, म्हणजे ४५ बार सोडले की पुरे.

---

पायवाट

१४ ची केली. थोडी लहान झाली, नाहीशी नाही. १० ची केली, अजून लहान झाली, तरी आहेच. ३०० बार सोडून पुढचं पाहतोय, त्यामुळे सुरुवातीचा प्रश्न नसावा.

---

नवखा_५२

माझ्याकडे तर ही अडचण कधीच आली नाही. मी तिहेरी ईएमए २० वापरतो, भावाला एकदम चिकटून चालतो, उशीर जवळजवळ नाहीच. त्याचाच बदल काढला की ट्रिक्स होतो ना?

---

अनुनाद

नवखा, तुम्ही वापरताय तो टेमा. नावात तिहेरी असलं तरी काम उलट्या दिशेचं आहे. पॅट्रिक मुलॉय यांनी १९९४ मध्ये तो मांडला तो उशीर कमी करण्यासाठी. पहिल्या ईएमएची तिप्पट, वजा दुसऱ्याची तिप्पट, अधिक तिसरा. गुळगुळीत करताना जे मागे पडलं ते त्यात परत भरून घेतात, म्हणून तो भावाला चिकटतो आणि म्हणूनच लहान हालचालही बरीच ठेवतो. ट्रिक्समध्ये असं काही परत भरत नाहीत. ईएमएचा ईएमए, त्याचा पुन्हा ईएमए, आणि शेवटी फक्त तिसऱ्याचा बदल. दोघांची अदलाबदल करू नका.

पायवाट, तुमची शीट बरोबर आहे. जे वाक्य तुम्ही वाचलंत तेच अर्धवट आहे. माझं काम कंपनांच्या मोजमापाचं आहे, बाजाराचं नाही, पण हा प्रश्न माझ्याच अंगणातला म्हणून सविस्तर लिहिते.

ईएमए ही चाळणी नाही. चाळणीला ठरावीक भोक असतं, त्यातून जाईल ते जातं आणि बाकीचं अडतं. ईएमएला असा कडा नसतो. त्याला उतार असतो. लाट जितकी छोटी तितकी ती जास्त दबते, पण शून्य कधीच होत नाही, आणि लांबीइतक्या चक्राशी येऊन अचानक काही बदलतही नाही. १५ लांबीच्या एका ईएमएतून १५ बारची लाट गेली की तिची उंची साधारण ३१ टक्के उरते. दुसऱ्यातून त्याचे ३१ टक्के, तिसऱ्यातून पुन्हा त्याचे. शेवटी २.९ टक्के. म्हणजे तुमच्या ४ च्या लाटेची तिसऱ्या ईएमएवर ०.११ उंचीची लाट झाली. खूप दबली, पण आहे.

आता दुसरा भाग, जो बहुतेक लोक विसरतात. ट्रिक्स म्हणजे तो तिसरा ईएमए नव्हे, त्याचा बदल आहे. आणि बदल काढणं ही क्रिया लहान लाटांना झुकतं माप देते. एकाच उंचीच्या दोन लाटा घ्या, एक १५ बारची आणि एक ६० बारची. १५ वाली तेवढंच अंतर चौथ्या हिश्शाच्या वेळात कापते, म्हणून एका बारमधला तिचा बदल जवळजवळ चौपट. म्हणजे तीन ईएमए लहान लाट दाबतात आणि शेवटची पायरी तिला थोडी उचलून धरते. दोन्हींचा एकत्र हिशोब असा करता येतो:

```
import numpy as np
a = 2/(15+1)
for P in (8, 15, 30, 60, 120):
    s = np.sin(np.pi/P)
    g = (a*a/(a*a + 4*(1-a)*s*s))**1.5
    print(P, round(g,4), round(2*s*g,4))
```

पहिला आकडा चक्राची लांबी, दुसरा तिसऱ्या ईएमएवर किती उरलं, तिसरा ट्रिक्सवर किती उरलं. १५ च्या चक्रासाठी शेवटचा आकडा ०.०११९ येतो, ६० साठी ०.०५११, १२० साठी पुन्हा उतरून ०.०४२३. म्हणजे वर जाऊन खाली येणारा डोंगर आहे. त्याचा माथा ६६ बारच्या चक्रावर येतो. लांबी १५ असली तरी तुमचा ट्रिक्स सगळ्यात मोठ्यानं बोलतो तो ६६ बारच्या आसपासच्या चक्राशी, म्हणजे लांबीच्या साधारण साडेचार पट.

या माथ्याच्या तुलनेत १५ चं चक्र सुमारे २३ टक्के ऐकू येतं. ३० चं ६४ टक्के. ८ चं साडेसात टक्के. गाळलं म्हणायचं तर यातलं कुठलं गाळलं आणि कुठलं ठेवलं, ते तुम्हीच ठरवा. लांबीपाशी रेघ मारायला काही कारण नाही.

---

पायवाट

ताई, मनापासून आभार. चालवून पाहिलं, आकडे जुळले. माझ्या शीटमध्ये रेषा ०.०४८ टक्के वर आणि तितकीच खाली जाते आहे, आणि ४ टक्के गुणिले ०.०११९ बरोबर तेवढेच येतात.

पण मग एक शंका. ०.०४८ म्हणजे अगदीच किरकोळ. चार्टवर मला ती भलीमोठी लाट का दिसते?

---

अनुनाद

कारण खालचा पॅनेल स्वतःची पट्टी स्वतःच ठरवतो. त्यात जे काही आहे ते ताणून पूर्ण उंचीत बसवतो. ४ ची ६० बारची लाट दिली तर ट्रिक्स ०.२०४ पर्यंत जाईल, तीही पॅनेलभर दिसेल. ४ ची १५ बारची दिली तर ०.०४८, तीही पॅनेलभर. डोळ्याला दोन्ही सारख्याच. म्हणून उजवीकडचे आकडे वाचायची सवय लावा, नाहीतर पट्टी हातानं कायम करून ठेवा.

मोठं चक्र चालू असतं तेव्हा लहान चक्राचा उरलेला अंश त्याखाली झाकला जातो आणि गाळला गेला असं वाटतं. बाजार साइडवेज झाला, मोठं चक्र विरलं, की पॅनेलमध्ये फक्त तो उरलेला अंशच असतो. आणि पॅनेल तोच मोठा करून दाखवतो.

आकडे वाचताना एक सांभाळा. काही सॉफ्टवेअर लॉगचा बदल घेऊन १०००० नं गुणतात, काही साध्या टक्क्यात देतात. तुमचे ०.०४८ तिथे ४.८ दिसतील.

---

भरतीओहोटी

अनुनाद, तुमचं गणित मान्य करतो. १४ ची लाट नाहीशी होईल म्हणालो ते चुकलंच. पण व्यवहारात २.९ टक्के म्हणजे नाहीच समजायला काय हरकत आहे? दहा वर्षांत मला तरी त्याचा त्रास जाणवला नाही. मी शून्यरेषा ओलांडली की घेतो, परत खाली आली की विकतो. उशीर होतो, पण दिशा बरोबर असते.

---

अनुनाद

भरतीओहोटी, तुम्ही मोठ्या हालचाली पकडत असाल तर दिशा बरोबरच असेल. पण पायवाटनं सुरुवातीला जे लिहिलं, विकलं की भाव वर, त्याचं उत्तर नेमकं या उरलेल्या २.९ टक्क्यांत आहे. तो अंश फक्त लहान नाही, उलटा आहे.

प्रत्येक ईएमए लाटेला मागे ढकलतो. १५ बारच्या लाटेला १५ चा एक ईएमए जवळजवळ अडीच बार मागे सरकवतो. तीन मिळून साडेसात बारपेक्षा किंचित जास्त. आता पंधरा बारच्या लाटेत साडेसात बार म्हणजे बरोबर अर्धी लाट. भाव माथ्यावर असताना तिसरा ईएमए तळाला, भाव तळाला असताना ईएमए माथ्यावर. ट्रिक्स शून्य ओलांडून खाली येतो तो तिसरा ईएमए माथ्यावरून वळला की. म्हणजे विकण्याचा सिग्नल येतो तेव्हा भाव नेमका तळाला असतो.

पायवाट, तुमच्या शीटमध्ये माथ्यापासून मोजा. ट्रिक्सचं चिन्ह आठव्या-नवव्या बारला बदलेल आणि भाव ९६ च्या जवळ असेल.

---

पायवाट

मोजलं. अगदी तसंच आहे. माझी वर्षभराची तक्रार एका ओळीत कळली. मी समजत होतो की सिग्नल कधी बरोबर, कधी चूक येतात. साइडवेजमध्ये ते पद्धतशीरपणे उलटे येत होते.

मग ६० बारच्या लाटेवरही मोजलं. माथा १०४ ला. ट्रिक्स शून्याखाली गेला तो १८ बारनंतर, तेव्हा भाव ९८.७. तळ ९६. म्हणजे आठातले सव्वापाच खाली येऊन झाल्यावर. दिशा बरोबर, पण दोन तृतीयांश घसरण होऊन गेलेली.

---

तासिका

मी बाजारातला नाही, पण हा धागा वाचून दचकलो, कारण माझं अगदी हेच झालंय.

माझ्याकडे एका विहिरीच्या पातळीच्या दर तासाच्या नोंदी आहेत. रोज उपसा होतो, रात्री पाणी भरतं, त्यामुळे पातळी दिवसभरात १० सेंटिमीटर वर आणि १० खाली होते. मला ते दिवसाचं चक्र नको, त्याखाली पातळी सावकाश किती उतरते आहे ते हवंय. ट्रिक्सबद्दल वाचलं की लांबीइतकी चक्रं जातात, म्हणून लांबी २४ घेतली. टक्केवारी नको होती, म्हणून साधा फरक घेतला. उत्तर दिवसातून दोनदा चिन्ह बदलतं. पातळी उतरते आहे हे दोरी सोडूनही कळतंय, आणि माझा आलेख म्हणतो रोज कित्येक तास ती चढते.

---

अनुनाद

तासिका, तुमच्या आकड्यांवर लगेच हिशोब होतो. २४ च्या लांबीला २४ तासांचं चक्र पुन्हा २.८ टक्के उरतं. लांबी कुठलीही घ्या, तेवढ्याच चक्रासाठी हा आकडा तीन टक्क्यांच्या आसपासच राहतो. त्यावर तासाचा फरक काढला की तुमच्या १० सेंटिमीटरमधून तासाला ०.७ मिलिमीटरची लाट उरते. पातळी दिवसाला एक सेंटिमीटर उतरत असेल तर तो वेग तासाला ०.४ मिलिमीटर. उरलेला अंश खऱ्या वेगापेक्षा मोठा आहे, म्हणून चिन्ह उलटसुलट होतं.

तुम्हाला ईएमए नकोच आहे. चक्राचा काळ पक्का माहीत असताना साधी सरासरी घ्या, बरोबर २४ तासांची. साधी सरासरी तिच्या लांबीइतकं चक्र खरोखर शून्य करते, कारण पूर्ण लाटेची बेरीज शून्य असते. २४ च्या निम्मं, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, ही चक्रंही शून्य होतात. तुमचा उपसा काही साइनसारखा गोल नसणार, पंप लागला की पातळी धाडकन उतरत असेल. त्या आकारात हीच बारीक चक्रं मिसळलेली असतात. आणि त्या सरासरीचा तासाचा फरक म्हणजे शेवटी काय, आजच्या या तासाची नोंद वजा कालच्या याच तासाची नोंद, भागिले २४. वहीवर करता येईल इतकं सोपं.

मला वाटतं, लांबीपेक्षा लहान चक्रं जातात ही समजूत साध्या सरासरीवरून इकडे आली असावी. तिथेही ती पूर्ण खरी नाही. १५ च्या साध्या सरासरीत १५ चं आणि साडेसातचं चक्र शून्य होतं, पण मधलं, साडेदहाच्या आसपासचं, पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त परत डोकं वर काढतं.

---

तासिका

करून पाहिलं. आलेख शांत झाला. फक्त सुटीच्या दिवशी, जेव्हा पंप उशिरा लागतो, तेव्हा मोठा उंचवटा येतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच खळगा.

---

अनुनाद

येणारच. तिथे चक्र २४ तासांचं राहिलंच नाही. तो दिवस आणि त्याचा पुढचा दिवस वगळा, किंवा सात दिवसांची सरासरी घ्या, म्हणजे १६८ तास. मग आठवड्याची लयही जाईल, पण उत्तर साडेतीन दिवस मागचं मिळेल.

---

पायवाट

मूळ मुद्द्यावर परत येतो. मी शून्यरेषेपेक्षा सिग्नल लाइन जास्त वापरतो. ट्रिक्सचा ९ चा ईएमए, आणि ट्रिक्सनं त्याला कापलं की सौदा. ६० बारच्या लाटेवर तो छेद माथ्यानंतर साधारण सात बारला येतो, भाव १०३ च्या जवळ. हे तर फारच चांगलं झालं ना? शून्यरेषा ९८.७ ला सांगते, सिग्नल लाइन १०३ ला.

---

अनुनाद

चांगलं झालं, पण त्याची किंमत कुठे मोजली ते पाहा.

सिग्नल लाइनचा छेद पाहणं म्हणजे ट्रिक्स वजा ट्रिक्सचा ईएमए शून्य कधी होतो ते पाहणं. एखाद्या गोष्टीतून तिचाच गुळगुळीत भाग वजा केला की मागे काय उरतं? खडबडीत भाग. म्हणजे तीन ईएमए लावून जी लहान लाट दाबली, तिलाच या वजाबाकीनं पुन्हा पुढे आणलं. ९ च्या सिग्नल लाइननं ६० बारची लाट ३८ टक्क्यांवर येते, पण १५ बारची ७९ टक्के टिकून राहते. समान उंचीच्या दोन लाटा घेतल्यात तर ट्रिक्सवर १५ वाली ६० वालीच्या २३ टक्के होती. छेदासाठी तुम्ही जी वजाबाकी पाहता तिच्यात ती ४८ टक्के झाली. लवकर कळण्याचा फायदा तिथूनच आला.

तुम्ही शीटमध्ये दोन्ही लाटा एकत्र घाला, दोन्ही ४ च्या. मग लहान लाट चार बार पुढे सरकवा आणि छेद मोजा.

---

पायवाट

केलं. आधी दोन्ही लाटा एकाच बारपासून सुरू केल्या होत्या, तेव्हा मोठ्या लाटेच्या प्रत्येक वळणाला एकच छेद. मला वाटलं तुमचं म्हणणं इथे लागू होत नाही. मग लहान लाट चार बार सरकवली. एका वळणाला अजून एकच छेद आहे, पण दुसऱ्या वळणाला तीन. काप, परत काप, पुन्हा काप, नऊ-दहा बारच्या आत. चार बार मागे सरकवली तर तीन छेदांचं वळण बदललं, पण गेलं नाही.

शून्यरेषेवर मात्र दोन्ही वेळेस एकेकच छेद. तिथे काही बिघडलं नाही.

---

भरतीओहोटी

म्हणूनच मी शून्यरेषा वापरतो! उशीर चालेल, पण तीन-तीन छेद नकोत.

पायवाट, तुम्हाला १५ चं चक्र खरोखर नको असेल तर लांबीच वाढवा. ३० करा, प्रश्न संपला.

---

अनुनाद

लांबी वाढवल्यानं १५ चं चक्र नक्की दबतं, यात तुम्ही बरोबर आहात. ३० केली की त्याचा वाटा माथ्याच्या २३ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर येतो. पण सगळा डोंगरच उजवीकडे सरकतो. माथा आता १३३ बारवर गेला. आणि पायवाटला ज्या ६० बारच्या चक्रात रस आहे, त्याची अवस्था आधी ३० च्या चक्राची होती तशी झाली. उंची माथ्याच्या ६३ टक्के, आणि शून्याचा छेद माथ्यानंतर जवळजवळ २८ बारनी. साठच्या चक्रात तळ ३० व्या बारला असतो. आता ६० चं चक्र उलटं दिसू लागलं.

म्हणून लांबी निवडताना मी उलट बाजूनं जाईन. काय गाळायचं यापेक्षा कुठलं चक्र धरायचं ते आधी ठरवा, आणि त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी लांबी घ्या. साठसाठी १२ ते १५. मग लांबीइतक्या आणि त्याच्या दुपटीइतक्या चक्रांकडून येणाऱ्या छेदांवर विश्वास ठेवू नका, कारण ते उलटे किंवा खूप उशिराचे असतात. ते ओळखायचे कसे, तर उंचीवरून. ट्रिक्स गेल्या काही मोठ्या हालचालींत जिथवर गेला होता त्याच्या चौथ्या हिश्शाच्याही आत घुटमळत असेल, तर पॅनेलवर जे दिसतंय ते बहुधा उरलेला अंश आहे.

---

ठोकताळा

सगळा धागा वाचला. हिशोबाबद्दल वाद नाही. पण एक गृहीत कोणीच तपासलं नाही, भावात चक्रं असतात हे.

लॉग घेऊन काढलेला ट्रिक्स म्हणजे नक्की काय, ते एकदा उलगडून पाहा. बदल आधी काढला काय आणि नंतर काढला काय, उत्तर एकच. म्हणजे ट्रिक्स हा रोजच्या लॉग परताव्याचा तिहेरी ईएमए आहे, बस. आता परतावा नाणं उडवून ठरवा. छापा आला तर वर, काटा आला तर खाली. त्यात चक्र कुठलंच नाही. पण त्याचा तिहेरी ईएमए काढलात तर सुरेख गुळगुळीत लाटा दिसतील. १५ च्या लांबीला शून्यरेषेचे छेद सरासरी ४० बारच्या अंतरानं येतात, म्हणजे पूर्ण लाट ८० च्या आसपास. ही लाट नाण्यात नाही, ट्रिक्सनं ती बनवली. युजेन स्लुत्स्की या अर्थशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये हेच दाखवलं होतं, की यादृच्छिक आकड्यांची चालती बेरीज घेत गेलं की चक्रासारखी रूपं उमटतात.

पायवाटचं ६० बारचं चक्र कुठून आलं? ट्रिक्सकडे पाहूनच ना?

---

पायवाट

खरं सांगायचं तर हो. ट्रिक्सच्या माथ्यांमधलं अंतर मोजलं होतं, ५५ ते ८५ च्या दरम्यान येत होतं, म्हणून ६० धरलं.

---

ठोकताळा

मग ते अंतर भावाचं नसून १५ या आकड्याचंही असू शकतं. तपासायचा एक मार्ग आहे. लांबी १५ ऐवजी ९ करा आणि माथ्यांमधलं अंतर पुन्हा मोजा. भावात खरंच ६० चं चक्र असेल तर लांबी बदलली तरी अंतर ६० च्या आसपास राहील. लांबीबरोबर अंतरही त्याच प्रमाणात आखडलं, तर ते चक्र तुम्हीच घातलेलं होतं.

---

अनुनाद

हा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो आधीच काढायला हवा होता. आमच्याकडे यंत्र फिरत असतं, चक्र आहे हे आधीच माहीत असतं, म्हणून ही शंका आम्हाला येत नाही.

फक्त एक जोडते. लांबी बदलून बघण्याची चाचणी शुद्ध लाटेवर चोख चालते. भावात थोडं चक्र आणि बरीच यादृच्छिक हालचाल असेल तर अंतर मधेच कुठेतरी पडेल, आणि त्यावरून निवाडा करणं मला जमणार नाही. त्यापेक्षा थेट परताव्यांवर वर्णपट काढणं, म्हणजे कुठल्या लांबीच्या चक्राचा किती जोर आहे ते पाहणं बरं, ट्रिक्सला मध्ये न घेता.

---

भरतीओहोटी

मला हे पटत नाही. चक्र असो नसो, भाव एका दिशेनं बराच काळ चालतो हे तर आपण रोज पाहतो. दर बारला सारख्याच टक्क्यानं भाव वाढत राहिला तर ट्रिक्स तेवढ्याच टक्क्यावर स्थिर बसतो. त्याला चक्र लागत नाही. माझे बहुतेक चांगले सौदे तसेच आहेत. ट्रिक्स शून्यावर चढला आणि महिनोन्महिने वरच राहिला.

---

ठोकताळा

तो वेगळा दावा आहे, आणि कदाचित बरोबरही असेल. नाण्याच्या खेळातही कधीकधी तो बराच काळ शून्याच्या वर राहतो. तुमच्या सौद्यांत तो त्याहून जास्त वेळा राहिला का, हे मोजलंय का तुम्ही?

---

भरतीओहोटी

नाही मोजलेलं. जुन्या नोंदी काढाव्या लागतील.

---

पायवाट

माझ्याकडून तूर्त एवढंच. लांबी ९ करून गेल्या बाराशे बारवर माथ्यांची अंतरं मोजली. बहुतेक ३५ ते ६० मध्ये पडली. १५ वर ५५ ते ८५ होती. म्हणजे आखडली आहेत, पण ९ आणि १५ च्या प्रमाणात पूर्ण नाहीत. ताई म्हणाल्या तसं मधेच कुठेतरी. वर्णपट काढायला शिकतोय, आकडे आले की इथेच टाकतो. तोवर पॅनेलची पट्टी ०.२५ वर कायम केली आहे, आणि गेल्या दोन आठवड्यांत त्यात रेषा शून्यापासून फारशी हललेलीच नाही. एरवी मी एवढ्यात चार सौदे केले असते.